मिटल्याचा कागद

लातूरच्या ज्या डाळमिलमध्ये मी काम करतो, तिथल्या एका हमालाचे आई-वडील मागच्या महिन्यात निलंग्याकडून आले. धाकट्या पोराची चार्जशीट घेऊन. जाड गठ्ठा, वर पांढरा दोरा. माझ्या खोलीत बसायला जागा नव्हती म्हणून ती दोघं उंबऱ्यातच बसली. बाप म्हणाला, "भाऊ, तुम्हाला यातलं कळतं म्हणे. निकाल काय लागलाय तेवढं वाचून सांगा."

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. मला यातलं कळतं असं कोणी म्हणावं, ही काही चांगली गोष्ट नाही. पण तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. हाच प्रश्न माझ्या बाबांनी विचारला होता, अर्धापूरच्या कोर्टाच्या आवारात, असाच गठ्ठा हातात धरून.

आमचं गाव अर्धापूर तालुक्यात. केळीचं. माझा धाकटा भाऊ शेत बघायचा, मी लातुरात. चुलत्याचं रान आमच्या रानाला लागून. पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांत धुसफूस जुनीच होती. एका सकाळी चुलत्यानं आमच्या ठिबकची मेन नळी बांधावर तोडून टाकली आणि भावानं घड कापायचा कोयता त्याच्यावर उगारला. उगारला, असं आम्ही बरेच दिवस म्हणत होतो. खरं म्हणजे मारला. चुलत्यानं हात आडवा केला म्हणून मानेवर यायचा तो वार मनगटाच्या वर बसला आणि हाड तुटलं. चुलता नांदेडच्या दवाखान्यात पडलेला, म्हणून फिर्याद चुलतीनं दिली. ती शेजारच्याच तासात, केळीच्या ओळीत होती. पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं. भावाला अटक झाली. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, म्हणजे जेल.

नव्वद दिवस व्हायच्या आत चार्जशीट आली. आरोपीला तिची प्रत फुकट मिळते हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. बाबा बाहेर खिशात हात घालून उभे, की किती द्यायचे. गठ्ठा हातात पडल्यावर त्यांनी पहिल्या भेटलेल्या काळ्या कोटाला विचारलं, "साहेब, निकाल लागला का?" तो हसत निघून गेला.

हसला नाही तो एक म्हातारा मुन्शी. आम्हाला सरकारच्या विधी सेवेकडून ज्या फुकटच्या वकीलबाई मिळाल्या, त्यांच्याकडे तो कामाला होता. दातांची एक बाजू गेलेली, काखेत फायली. त्यानं बाबांना झाडाखाली बसवलं आणि म्हणाला, "पाव्हनं, हे पोलिसांचं म्हणणं हाय. फक्त म्हणणं. निकालाला लई येळ हाय. आता कुठं पेरलंय म्हना."

त्या माणसाचे उपकार मी कसे फेडणार? आमच्यासारखी माणसं त्याला रोज दहा भेटत असतील. तरी प्रत्येक पायरीला तो थांबून सांगायचा. मी प्रश्न विचारायला घाबरायचो. आठवीच्या पुढं न गेलेल्या माणसाला वाटतं, आपण विचारलेला प्रश्न येडेपणाचा असणार. तो म्हणायचा, "इचार बाबा. मॅडमला इचारायची भीती वाटत असंल तर मला इचार."

त्यानं गठ्ठा उघडून दाखवला. पहिल्या पानावर फिर्यादी कोण, आरोपी कोण, कलम कोणतं. मग फिर्याद. मग पंचनामे, म्हणजे जागा कशी होती, कोयता कुठून काढून दिला. साक्षीदारांचे जबाब, डॉक्टरचं जखमेचं सर्टिफिकेट, आणि मुद्देमालाची यादी. मुद्देमालात आमचा कोयता होता. 'लाकडी मूठ असलेला, पात्यावर डाग' असं लिहिलेलं. त्या कोयत्यानं मीही घड कापले होते. यादीत तो वाचताना मला तो ओळखू येईना.

फिर्यादीच्या रकान्यात चुलतीचं नाव होतं आणि फिर्यादीखाली तिचा अंगठा. मी ते वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं. वाचलं आणि दोघांनीही पान उलटलं.

चार्जशीट आल्यावर सेशन कोर्टानं भावाला जामीन दिला. बाबाच जामीनदार, त्यांच्या सातबाऱ्यावर. अटी होत्या: प्रत्येक तारखेला हजर राहायचं, साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही. मुन्शीनं त्या अटी दोनदा वाचून दाखवल्या. मग अर्धापूरच्या कोर्टानं केस नांदेडला पाठवली, कारण इतक्या मोठ्या कलमाचा खटला खालच्या कोर्टात चालत नाही. बाबांना वाटलं, केस वर गेली म्हणजे आपलं काहीतरी बिघडलं. मुन्शी म्हणाला, "बिघडलं न्हाई, ही तिथंच जायची होती."

नांदेडला वकीलबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की आरोप ठेवायच्या आधी 'या केसमध्ये काही दम नाही, सोडून द्या' असा अर्ज करता येतो. पण जखमेचं सर्टिफिकेट आहे, डोळ्यांनी बघितलेली बाई आहे, तो अर्ज टिकणार नाही. उगाच सहा महिने जातील. मग आरोप निश्चित झाले. जजसाहेबांनी भावाला आरोप मराठीत वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

आमच्याकडं मोठ्या माणसानं विचारलं तर मान खाली घालून 'चुकलं' म्हणायची रीत. बाबांनी आदल्या दिवशी त्याला तेच शिकवलं होतं, की साहेबांपुढं ताठ राहू नको. भावानं हात जोडले. वकीलबाई झटकन उभ्या राहिल्या, "सर, त्याला प्रश्न नीट समजलेला नाही." साहेबांनी शांतपणे परत विचारलं. कबूल नाही, असं लिहिलं गेलं. बाहेर आल्यावर बाबा मला हळूच म्हणाले, "पोरगं साहेबापुढं खोटं बोललं."

मुन्शीनं ते ऐकलं. "काका, ते खोटं न्हाई. 'तुमचं तुम्ही साबित करा' एवढंच म्हनलं त्यानं. साबित करायचं काम सरकारी वकिलाचं."

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. साक्षीदारांना समन्स निघायचं, कधी साक्षीदार नाही, कधी मुद्देमाल आला नाही, कधी साहेब रजेवर. आम्ही सकाळी जायचो, नाव पुकारलं की भाऊ हात वर करायचा, आणि पुढची तारीख. मी लातूरहून पहिली गाडी धरून यायचो. मिलचा मुकादम पगार कापायचा, पण कामावरून काढलं नाही त्यानं. त्याचेही उपकारच.

अशी दीड वर्षं गेली. आणि एक दिवस बाबांचा फोन आला. आवाज इतका मोकळा, की मला आधी वाटलं दुसऱ्याच कोणाचा आहे.

"मिटलं रे! तुझा काका घरी आला. च्या पिला. म्हनला, भावकीत किती दिवस हे करून राहायचं."

मी पुढच्या रविवारी गेलो. अर्धापूरला टायपिंगवाल्याकडून स्टँप पेपरवर लिहून घेतलं: आमचा वाद आपसात मिटला आहे, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. चुलत्यानं डाव्या हातानं सही केली, कारण उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नव्हती. बाबांनी केली. साक्षीदार म्हणून मी केली. गावातल्या दोन मोठ्या माणसांनी केली. पाच पुरुषांच्या सह्या. नोटरीचा शिक्का बसला तेव्हा चुलत्यानं बाबांना मिठी मारली. मी रडलो. देवाशपथ, मला वाटलं आपण सुटलो.

चुलती त्या वेळी शेतात होती. तिला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. फिर्याद तिची, अंगठा तिचा, पहिल्या पानावर नाव तिचं. पण आम्ही म्हणालो, नवऱ्यानं सही केली म्हणजे घराची सही झाली.

आणि दुसरी चूक माझी एकट्याची. मी भावाला म्हणालो, "आता मिटलंय. किती दिवस तारखा करतो? चल लातूरला. मिलमध्ये जागा हाय."

तो म्हणाला, "दादा, मॅडमला इचारू का?"

मी म्हणालो, "मिटल्यावर कशाला इचारायचं? फुकटच्या वकील त्या, त्यांचंबी काम हलकं झालं."

हे वाक्य मी बोललो. ते मी रोज ऐकतो.

भाऊ लातूरला आला. माझ्याच खोलीत राहिला. संध्याकाळी आम्ही दोघं भाजी-भाकरी करायचो. तो पीठ मळताना शिट्टी वाजवायचा. पहिली तारीख चुकली, वकीलबाईंनी हजेरीमाफीचा अर्ज दिला आणि बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "मॅडम, मिटलंय आता," आणि फोन ठेवला. परत त्यांनी लावला तेव्हा बाबांनी उचललाच नाही. त्यांना वाटलं, बाईला काम जाईल याचं वाईट वाटून राहिलं. दुसरी तारीख चुकली आणि नॉनबेलेबल वॉरंट निघालं. बाबांना जामीनदार म्हणून नोटीस आली. ती नोटीस त्यांनी देवाच्या फोटोमागं ठेवली. मला सांगितलं नाही.

अर्धापूरचे दोन पोलीस दुपारी मिलमध्ये आले. भाऊ तुरीची पोती रचत होता. अंगावर, केसात, भुवयांवर डाळीची पिवळी भुकटी. त्यांनी नाव घेऊन 'तूच का?' विचारलं. तो 'हाव' म्हणाला. मी धावत आलो, खिशातून स्टँप पेपरची झेरॉक्स काढली. ती मी कायम जवळ ठेवायचो. त्यातला मोठा पोलीस वाचून म्हणाला, "हे घरी फ्रेम करून लाव."

धाकट्या पोलिसानं भावाला तोंड धुऊ दिलं. तेवढी माणुसकी केली.

वकीलबाई आमच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी तो कागद टेबलावर सरळ केला आणि बोलल्या, "हा गुन्हा तुमच्या आणि काकांच्या मधला राहिलेला नाही. खटला सरकार चालवतं. हे कलम आपसात मिटत नाही. केस रद्दच करायची म्हटलं, तर हायकोर्टात जावं लागतं, तिथं फिर्यादीनं स्वतः सांगावं लागतं, आणि अशा गुन्ह्यात तेही सहजासहजी ऐकत नाहीत. फिर्यादी कोण आहे?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं.

"फिर्यादीची सही कुठंय यावर?"

बाबा म्हणाले, "ती... घरातलीच हाय ना, मॅडम."

आम्ही नव्यानं जामीन मागितला. सरकारी वकिलांनी तोच कागद वाचला: आरोपी फरार होता, आणि वर साक्षीदारावर दबाव टाकून लिहून घेतलंय. चुलत्यानं स्वतः येऊन मिठी मारली होती, हे कुठल्या कागदावर नव्हतं. जामीन फेटाळला. भाऊ नांदेडच्या जेलमध्ये गेला.

मग पुरावा सुरू झाला, आणि सुरुवात चुलतीपासूनच. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. शपथ घेताना ती आमच्याकडं बघत नव्हती. सरकारी वकिलांनी विचारलं आणि तिनं जसं झालं तसं सांगितलं. नळी कोणी तोडली तेही सांगितलं, आपल्या नवऱ्याचं काही झाकलं नाही. कोयता ओळखला. सीलबंद पुडक्यातून तो काढला तेव्हा मूठ पाहून म्हणाली, "ह्योच. मूठ माज्या दिरानं घातली होती." दीर म्हणजे माझे बाबा. बाबांनी मान खाली घातली.

मग आमच्या वकीलबाईंचा उलटतपास.

"तुमच्यात समझोता झाला, हे खरं आहे का?"

"गड्यांनी केला. मला कुनी इचारलं न्हाई. मी अंगठा दिला न्हाई." आणि मग तिनं पहिल्यांदा आमच्याकडं बघितलं. "इचारलं असतं तर काय बोलले असते, ते मला बी ठावं न्हाई."

वकीलबाईंनी हातातला कागद उलटला. मग विचारलं, "वार किती केले?"

"एकच."

"नंतर आरोपीनं काय केलं?"

"कोयता टाकला. थरथर कापून राहिला होता. त्यानंच आपलं उपरनं फाडून ह्यांचा हात बांधला. गाडी आनायला पळाला."

मुन्शी माझ्या कानाजवळ म्हणाला, "हे ध्यानात ठेव. ह्या बाईनं तुला बुडवलं बी आन् तारलं बी."

नंतर चुलता आला. तो आमच्यासाठी म्हणाला, "कसं लागलं आठवत न्हाई, मी बांधावरून पडलो." सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवून उलटं विचारलं. त्याचा वाकडा हात सगळ्यांना दिसत होता. बायकोनं खरं सांगितल्यावर नवऱ्याचं खोटं कोण धरणार? कोयत्याच्या पंचनाम्याचे दोन पंचही फिरले, "सह्या ठाण्यात घेतल्या, साहेब" म्हणाले. मग डॉक्टर आले, हाड कसं तुटलं ते सांगून दहा मिनिटांत गेले. शेवटी तपास करणारे फौजदार. या सगळ्याला वर्ष लागलं. भावाला जेलमधून गाडीनं आणायचे. बाकावर बसला की त्याच्या मानेचा मागचा भाग दिसायचा. केस बारीक कापलेले. शिट्टी वाजवणारं पोरगं तेच का, असं वाटायचं.

पुरावा संपला की जजसाहेब आरोपीलाच प्रश्न विचारतात. तुझ्याविरुद्ध हे हे आलंय, तुझं काय म्हणणं? त्याला शपथ देत नाहीत. गप्प राहिलं तरी चालतं. मुन्शीनं हे आधीच सांगितलं होतं. भाऊ एकेका प्रश्नाला 'खोटं आहे', 'माहीत नाही' म्हणत गेला. चुलतीच्या साक्षीचा प्रश्न आला तेव्हा थांबला. साहेबांनी परत विचारलं. तो म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही." शेवटी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का, बचावाचा साक्षीदार आणायचा आहे का? नाही म्हणाला. तेही टाइप झालं.

मग दोन्ही वकिलांचा युक्तिवाद. आमच्या बाई दीड तास बोलल्या. फुकटच्या वकील. एक वार, फाडलेलं उपरणं, आणायला गेलेली गाडी, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. मारायचंच असतं तर हात कोण बांधतं?

निकालाच्या दिवशी बाबांनी त्याच्यासाठी नवीन शर्ट आणला होता. पिशवीतून काढलाच नाही. साहेबांनी वाचलं: खुनाच्या प्रयत्नाचा आरोप सिद्ध होत नाही. बाबांनी माझा हात धरला. पण वाचणं थांबलं नव्हतं. धारदार हत्यारानं जबर दुखापत केल्याचं सिद्ध होतं. फिर्यादी बाईची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी वाटते. मग शिक्षेवर ऐकून घेतलं. वय कमी, पहिलाच गुन्हा, म्हातारे आई-बाप. तीन वर्षं सक्तमजुरी आणि दंड. आधी जेलमध्ये काढलेले दिवस त्यातून वजा.

भावाला निकालाची प्रत तिथंच दिली, तीही फुकट. बाहेर व्हरांड्यात वकीलबाई आम्हाला म्हणाल्या, "तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असली आणि आरोपी जामिनावर असला, तर अपील करेपर्यंत हेच कोर्ट शिक्षा थांबवून जामीन देऊ शकतं. तसा अर्ज मी आज केला असता."

जामिनावर असता तर. तो जामिनावर नव्हता, कारण मी त्याला पोती रचायला नेलं होतं. नवा शर्ट घालून तो त्या संध्याकाळी आमच्याबरोबर अर्धापूरच्या गाडीत बसला असता.

आता अपील हायकोर्टात, संभाजीनगरला. साठ दिवसांची मुदत. मुन्शीनं कागद जुळवून दिले, तिथल्या विधी सेवेला अर्ज लिहून दिला. पैसे पुढं केले तर हात मागं घेतला. म्हणाला, "तुझा भाऊ गाडी आनायला पळाला, ते मला आवडलं." अपील दाखल झालं. शिक्षा थांबवायचा अर्जही त्यातच आहे. पण रांग मोठी आहे. अपिलाचा नंबर लागायच्या आत शिक्षाच भोगून होईल, हे मला कोणी स्पष्ट सांगत नाही. मी हिशेब घालू शकतो, आठवीपर्यंत गणित बरं होतं.

चुलतीला मी गावी गेलो तेव्हा भेटलो. हौदावर कपडे धूत होती. मी म्हणालो, "काकू." ती म्हणाली, "बस." आणि कपडे आपटत राहिली. मला माफी मागायची होती, पण कशाची, हे ठरेना. ती म्हणाली, "तू वाचता येनारा मानूस. माझं नाव दिसलं न्हाई का तुला?"

निलंग्याच्या त्या दोघांना मी हे सगळं सांगितलं. त्यांच्या गठ्ठ्याचं पहिलं पान काढलं, बोट ठेवून वाचलं. जामिनाच्या अटी वाचल्या. तारीख चुकवू नका, काही लिहून घेऊ नका, सही करायच्या आधी वकिलाला विचारा. आईनं माझ्याकडं बघून विचारलं, "मग आमचं पोरगं सुटंल का, भाऊ?" मी म्हणालो, मला माहीत नाही. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

गेल्या आठवड्यात जेलवर मुलाखतीला गेलो. वीस मिनिटं. भाऊ बारीक झालाय. सुतारकामाला लावलंय त्याला.

"दादा, हायकोर्टाचं काय?"

"लागंल तारीख."

"कदी?"

"बघू. तू... तारीख चुकवायची न्हाई बरं का." तोंडातून निघून गेलं.

तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मग हसला. तुरीच्या भुकटीत हसायचा तसंच.

"न्हाई चुकवत," तो म्हणाला. "आता कुठं जातोय मी."